दर कधीपर्यंत, माल कुठपर्यंत, पैसे केव्हा: एका कोटेशनच्या मेलची गोष्ट

जालन्याच्या एमआयडीसीत आमचं छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. डाळ मिलला, बियाणांच्या गोदामांना लागणारे, धान्य वर चढवणारे बकेट एलिव्हेटर, स्क्रू कन्व्हेयर, हॉपर असली कामं आम्ही करतो. अण्णा दर काढतात, दादा शॉपवर उभा असतो आणि कागदाचं सगळं माझ्याकडे. २०२२ पर्यंत हे 'सगळं' म्हणजे अण्णांनी सांगितलेले आकडे जुन्या फाइलवर टाइप करायचे, पीडीएफ करायची आणि 'कोटेशन सोबत जोडले आहे, कृपया पाहावे' एवढी एक ओळ लिहून मेल सोडून द्यायचा. त्या ओळीत काही चुकीचं नव्हतं. पण जे लिहायला हवं होतं त्यातलं काहीच तिच्यात नव्हतं, हे कळायला एक वर्ष आणि साधारण बत्तीस हजार रुपये गेले.

तेव्हाचं आधी सांगते. १० फेब्रुवारी २०२२ ला परभणीकडच्या एका गोदामवाल्यांना आम्ही एलिव्हेटर, हॉपर आणि प्लॅटफॉर्म असं ३,१०,००० रुपयांचं कोटेशन पाठवलं. जीएसटी वेगळा. पुढं दीड महिना काहीच हालचाल नाही, म्हणून आम्ही ते विसरलो. मधल्या काळात, २४ फेब्रुवारीला युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि पोलादाचे भाव चढायला लागले. २ एप्रिलला पाडवा होता. पाडव्याच्या मुहूर्तावर त्यांची ऑर्डर आली, फेब्रुवारीच्याच दराने. तोवर आम्हाला मिळणारा पत्रा आणि अँगल किलोमागे १२ रुपयांनी महाग झाला होता. काम २,४०० किलोचं, म्हणजे २८,८०० रुपये नुसत्या लोखंडात गेले. अण्णांनी फोन करून भाव वाढल्याचं सांगितलं, तर पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "तुमच्या कागदावर मुदत कुठं लिहिलीय, दाखवा की." दाखवायला काही नव्हतं. वरून गंमत अशी की २२ मेपासून सरकारने पोलादाच्या बऱ्याच प्रकारांवर १५ टक्के निर्यात शुल्क लावलं आणि भाव उतरले, पण आमचा पत्रा तोवर कापून, वेल्डिंग होऊन रंगायला गेला होता.

त्याच ऑर्डरीत आणखी दोन कुरबुरी झाल्या. माल तिथं पोचल्यावर तो उतरवायच्या हायड्रा क्रेनचे ३,५०० रुपये कोणी द्यायचे यावरून गाडी दोन तास उभी राहिली; शेवटी दादाने दिले. आणि 'मशीन चालू करून दिल्यावर' मिळायचे दहा टक्के, म्हणजे ३१,००० रुपये, त्यांच्या पुढच्या शेडचं बांधकाम रखडल्यामुळे सात महिन्यांनी आले.

वडिलांचे एक मित्र जालन्याच्या कोर्टात वकिली करतात. दिवाळीच्या फराळाला आले तेव्हा मी त्यांना सहज विचारलं की मुदत लिहिली नसेल तर आम्ही कायमचे बांधलेले का? त्यांनी १८७२ चा करार कायदा सोप्या भाषेत सांगितला. कोटेशन म्हणजे आपण मांडलेला प्रस्ताव. प्रस्तावात मुदत लिहिली असेल तर ती संपली की प्रस्ताव संपतो. लिहिली नसेल तर 'वाजवी मुदती'नंतर संपतो, हे कलम ६. आता दीड महिना वाजवी की नाही, यावर दोन वकील दोन दिवस भांडू शकतात. माझ्या डोक्यात राहिलं ते मात्र कलम ५: समोरच्याने होकार पाठवायच्या आधी प्रस्ताव मागे घेता येतो. म्हणजे मार्चमध्ये भाव चढताना मी दोन ओळींचा मेल टाकला असता की १० फेब्रुवारीचे दर आता लागू नाहीत, तरी आमचे २८,८०० वाचले असते. मी काय केलं, तर कोटेशन पाठवून विसरून गेले. तेव्हापासून पाठवलेल्या कोटेशनची एक वही ठेवलीय आणि दर सोमवारी ती उघडते.

पुढच्या दीड-दोन वर्षांत कोटेशनच्या पीडीएफमध्ये खाली बारीक अक्षरात अटी टाकायला लागलो. त्या इंग्रजी, कुणाच्या तरी नमुन्यावरून उचललेल्या. त्या कोणी वाचत नाही, हे मला कळत होतं. मीही समोरच्यांच्या वाचत नव्हतेच.

मग सप्टेंबर २०२४ मध्ये, महालक्ष्म्या उठल्या त्या दिवशी, लातूरच्या एका डाळ मिलमधून फोन आला. ४० फुटांचे दोन एलिव्हेटर हवे होते. नवी तूर बाजारात यायच्या आत बसवायचे, म्हणजे डिसेंबरपर्यंत. १९ सप्टेंबरला दादा आणि मी एसटीने जाऊन जागा बघून आलो. शेठ साठीचे, सगळा व्यवहार तोंडी करणारे. त्यांचा मुलगा मेल आणि बँक बघतो. परत येताना गाडीतच ठरवलं की या वेळी पीडीएफसोबत जो मेल जाईल त्यात तीन गोष्टी मराठीत, शेठ मोबाइलवर वाचतील अशा लिहायच्या. दर कधीपर्यंत, माल कुठपर्यंत आणि पैसे केव्हा. वीस ओळींच्या मजकुराला चार संध्याकाळी लागल्या.

पहिली संध्याकाळ मुदतीवर गेली. अण्णा म्हणाले, "आठ दिवस दे, लोखंडवाला आपल्याला तेवढेच देतो." खरं होतं ते. आमचा लोखंडाचा व्यापारी दर सात दिवस धरतो, बेल्ट-बकेटवाला पंधरा दिवस आणि संभाजीनगरचा मोटर-गिअर बॉक्सवाला महिनाभर. पण आठ दिवसांत कुठला मिलवाला लाख-लाखाचा निर्णय घेतो? तो निदान दोन ठिकाणी भाव विचारणार, घरात बोलणार. म्हणून पंधरा दिवस ठरवले. मधल्या आठ दिवसांत लोखंड हललं तर तो फरक आपला, म्हणून अण्णांनी दरात किलोमागे थोडं वाढवून धरलं. मुदत म्हणजे फुकट दिलेली सवलत नाही, तिलाही खर्च असतो आणि तो आधीच दरात धरावा लागतो, हे त्या संध्याकाळी वहीवर बेरीज करताना पहिल्यांदा स्पष्ट झालं.

'१५ दिवस' असं मात्र लिहिलं नाही. पंधरा दिवस कधीपासून? पीडीएफवरच्या तारखेपासून, मेल गेला तेव्हापासून, की शेठनी वाचला तेव्हापासून? त्यापेक्षा सरळ तारीख आणि वार. आणि 'मान्य' कशाला म्हणायचं तेही लिहायला हवं, हे दादाने सुचवलं. नाहीतर शेवटच्या दिवशी नुसती पर्चेस ऑर्डर येते, पैसे महिनाभर येत नाहीत, आणि दर अडकून पडतो. मेलमधला तो भाग असा झाला:

"हे दर बुधवार, ९ ऑक्टोबर २०२४ संध्याकाळी ६ वाजेपर्यंत धरून ठेवले आहेत. तोपर्यंत तुमची पर्चेस ऑर्डर याच मेलवर आली आणि त्यानंतर ३ दिवसांत ॲडव्हान्स बँकेत जमा झाला, तर लोखंड कितीही वाढलं तरी दर बदलणार नाही. तारीख उलटल्यावर ऑर्डर द्यायची असेल तर आधी एक फोन करावा, त्या दिवशीचा दर आम्ही लेखी कळवू. जीएसटी मात्र बिलाच्या दिवशी जो असेल तो."

दुसरी संध्याकाळ मालाच्या पोचीवर. पीडीएफमध्ये आम्ही वर्षानुवर्षं 'एक्स-वर्क्स जालना' लिहीत आलो. त्याचा अर्थ आमच्याकडे सगळे असा घेतात की माल गाडीत भरून देणं कारखान्याचं आणि पुढचं भाडं गिऱ्हाइकाचं. इन्कोटर्म्स नावाचे जे आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियम आहेत, त्यात एक्स-वर्क्सचा अर्थ वाचला तर गाडीत चढवणंसुद्धा घेणाऱ्याकडे असतं. 'एफओआर लातूर' लिहिलं तर भाडं धरून लातूरपर्यंत पोच, असं बाजारात समजतात. मुळात तो शब्द रेल्वेच्या काळातला, फ्री ऑन रेल. आता या दोन अक्षरी-तीन अक्षरी शब्दांवर हायड्राचे पैसे कोणाचे हे कसं ठरणार? म्हणून मेलमध्ये हे शब्दच टाळले आणि माल हलतो त्या क्रमाने लिहिलं, कोण काय करणार ते. पीडीएफमध्ये एक्स-वर्क्स राहू दिलं, पण मेलमधल्या शब्दांशी ते भांडणार नाही एवढं पाहिलं.

पोचीच्या मुदतीचं त्याहून अवघड. 'सहा आठवडे' सगळेच लिहितात. ऑर्डरपासून सहा, ॲडव्हान्सपासून सहा, की ड्रॉइंग मंजूर झाल्यापासून? आमच्या कामात ड्रॉइंगवर सही होईपर्यंत बूटचा, म्हणजे एलिव्हेटरच्या खालच्या भागाचा, खड्डा किती खोल, वरचं तोंड कुठल्या बाजूला, हेच नक्की नसतं. पत्रा कापणार कुठून? आणि सहा आठवड्यांनी काय होणार: माल आमच्याकडे तयार असणार की त्यांच्या दारात पोचणार? शिवाय २०२४ ची दिवाळी ऑक्टोबरच्या शेवटी होती आणि आमचे चार वेल्डर बिहारचे. ते दिवाळीला नाही तर छठला जातात, आणि छठ ७ नोव्हेंबरला. हे आपल्याला माहीत असतं, पण गिऱ्हाइकाला कशाला माहीत असेल? ते आधी सांगितलं तर अट होते, नंतर सांगितलं की सबब वाटते.

"ॲडव्हान्स मिळणं आणि ड्रॉइंगवर तुमची सही येणं, यातली जी गोष्ट नंतर होईल त्या दिवसापासून ६ आठवड्यांत दोन्ही एलिव्हेटर आमच्या जालन्याच्या वर्कशॉपमध्ये तयार असतील. दिवाळी आणि छठसाठी २८ ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर काम बंद राहील, ते १४ दिवस यात धरलेले नाहीत. सही आली की नक्की तारीख आम्ही मेलने कळवू. गाडी तुम्ही पाठवायची, आमच्या गेटवर माल गाडीत चढवून देणं आमच्याकडे. गाडीचं भाडं, वाटेतला विमा, लातूरला उतरवायची हायड्रा आणि हमाली तुमच्याकडे. उभारणीसाठी आमचे दोन माणसं ३ दिवस येतील, त्यांची मजुरी दरात धरली आहे, राहणं-जेवण तुमच्याकडे."

शेवटच्या वाक्यात 'आमचे दोन माणसं' असं बोलीतलंच राहून गेलं, नंतर लक्षात आलं. राहू दिलं.

विमा का लिहिला ते सांगते. माल विक्रीचा १९३० चा कायदा आहे, त्यात गिऱ्हाइकापर्यंत पोचवायला म्हणून माल वाहतूकदाराच्या हवाली केला की तो सकृतदर्शनी गिऱ्हाइकाच्या हवाली केला असं धरतात. म्हणजे वाटेत माजलगावजवळ गाडी कलंडली तर नुकसान बहुधा त्यांचंच. पण शेठना हे गाडी कलंडल्यावर कळणं आणि आधी कळणं यात फरक आहे. आधी कळलं तर ते विमा काढतील.

तिसरी संध्याकाळ पैशांची. दोन एलिव्हेटर, प्रत्येकी २,४०,०००, म्हणजे ४,८०,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी ८६,४००, दोघंही महाराष्ट्रातले म्हणून निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा. एकूण ५,६६,४००. पूर्वी आम्ही '४० टक्के ॲडव्हान्स, ५० टक्के डिस्पॅचपूर्वी, १० टक्के चालू झाल्यावर, टॅक्स एक्स्ट्रा' असं लिहायचो. आता हे टक्के कशाचे? जीएसटीसकट रकमेचे की मूळ किमतीचे? आणि जीएसटी कुठल्या हप्त्यात? मालाच्या ॲडव्हान्सवर जीएसटी भरावा लागत नाही, बिल फाडलं की लागतो. पण बिल पूर्ण रकमेचं असतं. ते डिसेंबरचं असेल तर पूर्ण ८६,४०० जानेवारीच्या २० तारखेच्या आत सरकारला दाखवायचे, मग गिऱ्हाइकाचा शेवटचा हप्ता आलेला असो वा नसो. म्हणून जीएसटी पूर्ण डिस्पॅचच्या हप्त्यात घेतला आणि टक्क्यांच्या शेजारी रुपये लिहिले.

मेल तयार झाल्यावर वहिनीला वाचून दाखवला. ती शाळेत शिकवते, धंद्याशी संबंध नाही. तिने एकच प्रश्न विचारला, "चालू झाल्यावर म्हणजे? झालं हे कोणी म्हणायचं?" तेच तर २०२२ ला झालं होतं. मशीन चालू होणं आमच्या एकट्याच्या हातात नसतं. वीज हवी, शेजारची मशीन हवी, माल हवा. जो क्षण दोघांनाही दिसतो आणि ज्याचा कागद असतो, त्याला पैसे बांधायचे. डिस्पॅचचा कागद असतो: बिल, ई-वे बिल, गाडी नंबर.

"१) ऑर्डरसोबत ॲडव्हान्स १,९२,००० रुपये (मूळ किमतीच्या ४० टक्के). २) माल तयार झाला की आम्ही चालवून दाखवलेला व्हिडिओ आणि प्रोफॉर्मा पाठवू; गाडी भरण्याआधी ३,२६,४०० रुपये (मूळ किमतीच्या ५० टक्के २,४०,००० आणि पूर्ण जीएसटी ८६,४००). ३) राहिलेले ४८,००० रुपये लातूरला मशीन चालू झाल्यावर, किंवा गाडी निघाल्यापासून ३० दिवसांनी, यातलं जे आधी होईल तेव्हा. सगळे पैसे बँकेतून. खात्याची माहिती कोटेशनवर आहे. खातं बदलल्याचा कुठलाही मेल आला तर तो खरा न मानता आम्हाला फोन करावा."

चौथ्या संध्याकाळी फक्त विषयाची ओळ. 'कोटेशन' एवढंच लिहिलं तर त्यांच्या मेलमध्ये असे वीस असतील. मी लिहिलं, 'कोटेशन ३८, दोन बकेट एलिव्हेटर, दर ९ ऑक्टोबरपर्यंत'. मोबाइलवर मेल न उघडताही तारीख दिसते.

२४ सप्टेंबरला मेल गेला. दुसऱ्या दिवशी सकाळीच शेठच्या मुलाचा फोन. मला वाटलं दरावर बोलणार. तो म्हणाला, "ताई, मेलमध्ये ९ ऑक्टोबर लिहिलंय आणि पीडीएफच्या खाली तीस दिवस. खरं कोणतं धरायचं?" जुन्या नमुन्यातली ती बारीक ओळ काढायची राहिली होती! चार संध्याकाळी मेलवर घालवल्या आणि पीडीएफ शेवटपर्यंत वाचली नाही. पोरगा भला म्हणून विचारलं. न विचारता तीस दिवसांनी ऑर्डर टाकली असती तर मी काय बोलणार होते? दुसरी गोष्ट तो म्हणाला ती मला आधीच सुचायला हवी होती: "आता पितृपाट चालू आहे. बाबा दसऱ्याशिवाय नवीन काही घेणार नाहीत." दसरा १२ ऑक्टोबरला, दुसरा शनिवार, पुढे रविवार.

अण्णांनी लोखंडवाल्याला फोन केला, त्याच्या अंदाजाने भाव थंड होते. २६ तारखेला 'सुधारित १' असं नाव देऊन कोटेशन पुन्हा पाठवलं, मुदत सोमवार, १४ ऑक्टोबर, संध्याकाळी ६. मेलमध्ये पहिलीच ओळ टाकली, '२४ सप्टेंबरचं कोटेशन रद्द समजावं, हेच धरावं. मेल आणि पीडीएफ यांत फरक दिसला तर मेल खरा.' तेव्हापासून पाठवण्याआधी दोन्ही कागद शेजारी ठेवून तीनच आकडे बोटाने जुळवते: तारीख, आठवडे, रक्कम.

दसऱ्याला शेठचा स्वतःचा फोन आला, "सोनं घ्या, ऑर्डर पक्की समजा." बरं वाटलं, पण फोनवरची ऑर्डर वहीत लिहायची नाही असं मी ठरवलं होतं. १४ ला दुपारी पावणेपाचला पर्चेस ऑर्डर आली. दर तोच, माल तोच. खाली त्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरने आपोआप छापलेल्या अटी होत्या: शिल्लक रक्कम माल मिळाल्यापासून ६० दिवसांनी, पोच मिलच्या दारात.

इथं वकीलकाकांचं आणखी एक कलम कामाला आलं. कलम ७ म्हणतं की होकार पूर्ण आणि बिनशर्त हवा. अटी बदलून दिलेला होकार हा होकार नसतो, तो त्यांचा नवा प्रस्ताव असतो. त्यावर आपण गप्प बसून काम सुरू केलं तर त्यांच्या अटी आपण मान्य केल्या, असा अर्थ निघू शकतो. सहा वाजायला तासभर होता. सव्वापाचला उत्तर दिलं: "ऑर्डर मिळाली, आभार. तिच्यात दोन गोष्टी आपल्या ठरल्यापेक्षा वेगळ्या छापल्या गेल्या आहेत: शिल्लक पैशांची मुदत आणि पोच. त्या दुरुस्त करून ऑर्डर पाठवावी. दुरुस्तीसाठी दराची मुदत बुधवार, १६ ऑक्टोबरपर्यंत वाढवत आहे." 'छापल्या गेल्या आहेत' हे मुद्दाम लिहिलं. तुम्ही बदललं, असं म्हटलं असतं तर पोराला वडिलांसमोर बचाव करावा लागला असता.

त्याचा फोन आला की ६० दिवस त्यांच्याकडे सगळ्यांनाच असतात. त्यावर मी एमएसएमई कायद्याबद्दल बोलले. आमची उद्यम नोंदणी आहे, सूक्ष्म उद्योग. २००६ च्या त्या कायद्याप्रमाणे, लेखी ठरवलं तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत ठरवता येत नाही, आणि काही लेखी ठरलंच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. मी छोट्या उद्योगांचे पैसे थकवण्याबद्दलचं आयकरातलं ४३बी (एच)सुद्धा सांगणार होते, हल्ली सगळे तेच सांगतात. पण आमच्या सीएंनी आधीच सांगून ठेवलं होतं की ते कलम खर्चाच्या वजावटीचं आहे. मिलवाला एलिव्हेटर घेतो तो भांडवली खर्च, तिथं त्या कलमाची भीती दाखवून उपयोग नाही आणि त्यांच्या सीएने ते खोडून काढलं तर आपणच उघडे पडू. म्हणून तेवढंच बोलले जे लागू होतं. पोराने मुकाट्याने ऐकलं. १५ तारखेला दुरुस्त ऑर्डर आली, १६ ला, कोजागिरीच्या दिवशी, १,९२,००० जमा झाले.

पुढचं भरभर घडलं. ड्रॉइंग १८ ला पाठवलं, २२ ला सही होऊन आलं. त्याच संध्याकाळी तारीख कळवली: २२ ऑक्टोबरपासून ४२ दिवस आणि सुटीचे १४, म्हणजे मंगळवार, १७ डिसेंबर. वेल्डर ११ ऐवजी १४ नोव्हेंबरला उगवले. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान, ती सुटी मी मेलमध्ये धरलीच नव्हती. निवडणूक १५ ऑक्टोबरला जाहीर झाली, मेल त्याआधीचा. पण तारीख कळवताना तरी लक्षात यायला हवं होतं. ते चार दिवस आमचे आम्ही सोसले, दोन रविवार काम करून. १४ डिसेंबरला माल तयार झाला, व्हिडिओ आणि प्रोफॉर्मा गेला. १८ ला ३,२६,४०० आले, १९ ला त्यांनी पाठवलेली गाडी भरली. राज्यातल्या राज्यात माल एक लाखाच्या वर असला की ई-वे बिल लागतं, ते काढलं. लातूरला हायड्रा शेठनी आधीच बोलावून ठेवली होती. कोणी कोणाकडे बघितलं नाही.

उभारणी २३ ला झाली. मशीन मात्र चालू झालं नाही. वाढीव लोडचं मीटर आलं नव्हतं आणि नव्या पॉलिशरचाही पत्ता नव्हता. आमचे दोघं हाताने बेल्ट फिरवून, लेव्हल दाखवून, त्याचा कागद सही करून घेऊन परत आले.

१८ जानेवारीला तीस दिवस झाले. त्या दिवशी शनिवार होता म्हणून सोमवारी, २० ला, जुन्याच मेलवर उत्तर म्हणून लिहिलं, म्हणजे खाली सप्टेंबरचा मजकूर आपोआप दिसतो. दोनच ओळी: गाडी १९ डिसेंबरला निघाली, ३० दिवस शनिवारी पूर्ण झाले, ४८,००० रुपये पाठवावेत. दुपारी शेठचा फोन. "अहो, मशीन तर फिरलंच नाही अजून." मी म्हटलं, "शेठ, मेल उघडा, तिसरा आकडा बघा. यातलं जे आधी होईल ते." पलीकडे थोडा वेळ आवाज नाही, मग पोराला हाक मारल्याचा, मग दोघांचं काहीतरी बोलणं. "हां, आहे खरं," शेठ म्हणाले. "पण चालू करायला तुमची माणसं येतील ना?" येतील म्हटलं, तेही मेलच्या उत्तरात लिहून दिलं.

२२ ला पैसे आले. मीटर फेब्रुवारीत बसलं. दादा एका माणसाला घेऊन गेला, दोन्ही एलिव्हेटर चालवून आला आणि येताना शेठच्या मेहुण्याच्या मिलचं माप घेऊन आला, ३५ फुटांचा एक. त्या कोटेशनवर काल रात्री मुदत घालायला बसले तेव्हा आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढून समोर ठेवलं.